व्याह्यांना आभाराचे पत्र: लग्नानंतर वरपक्षाने ते केव्हा, कोणी आणि कसे लिहावे

थोरल्या मुलाच्या लग्नानंतर आम्ही व्याह्यांना एक छापील कार्ड पाठवले होते. त्यात लिहिले होते, "आपण केलेली व्यवस्था अतिशय समाधानकारक होती. मानपानात कोठेही उणीव राहिली नाही." मजकूर प्रेसवाल्याच्या नमुन्यातला होता आणि त्या वेळी तो आम्हाला चांगला सभ्य वाटला. पुढे सहा-सात महिन्यांनी एका नातेवाइकाकडून कळले की कार्ड वाचून व्याही हसले आणि म्हणाले, "पास झालो म्हणायचे." तेव्हा कोठे माझ्या लक्षात आले की आम्ही आभार मानलेच नव्हते, आम्ही दाखला दिला होता. आपल्याकडे लग्नात वरपक्ष बसतो आणि वधूपक्ष राबतो, ही रीत बरी की वाईट हा प्रश्न वेगळा. पण त्या रीतीमुळे वरपक्षाच्या तोंडी तपासनिसाची भाषा आपोआप येते आणि "उत्तम", "समाधानकारक", "उणीव नाही" यांसारखे शब्द आभार म्हणून लिहिले जातात. धाकट्या मुलाच्या लग्नानंतर मी पत्र हाताने लिहिले. ते कसे लिहिले, त्याआधी काय करावे लागले आणि पहिल्या खर्ड्यातले काय खोडावे लागले, ते येथे क्रमाने देत आहे.

प्रथम मर्यादा सांगतो. हे मार्गदर्शन कोकणातल्या घरच्या लग्नासाठी आहे, म्हणजे वधूच्या घरी अंगणात मांडव आहे, वऱ्हाड आदल्या रात्री मुक्कामाला आले आहे आणि वाडीतल्या माणसांनी ते सांभाळले आहे. लग्न तालुक्याच्या गावी कार्यालयात झाले असेल आणि जेवणखाण सगळे ठेक्याने दिलेले असेल, तर पत्र पुष्कळ लहान होईल. तेथे ज्यांनी स्वतः धावपळ केली त्या चार-पाच माणसांपुरतेच लिहावे.

आमचे उदाहरण असे. आम्ही चिपळूणचे, व्याही देवगड तालुक्यातल्या एका वाडीतले. लग्न मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात होते. आम्ही 45 माणसे येतील असे कळवले होते आणि प्रत्यक्षात 54 गेलो. संध्याकाळी 7 पर्यंत पोहोचतो असे सांगितले होते, परंतु राजापूरच्या अलीकडे बसचे चाक बसले, दुसरे चाक मिळवण्यात वेळ गेला आणि नांदगाव तिठ्यावरून आत वळायलाच 10 वाजून गेले. मांडवात पाय ठेवला तेव्हा रात्रीचे 11 वाजले होते. या दोन आकड्यांतला आणि दोन वेळांतला फरक कोणाच्या अंगावर पडला, हेच पुढे पत्राचे निम्मे सार ठरले.

निघताना आणि पोहोचल्यावर

पाठवणीच्या वेळी आभाराचे भाषण करू नये. त्या घटकेला मुलीच्या आईवडिलांचे लक्ष आपल्याकडे नसते आणि असूही नये. व्याह्यांचे हात हातात घेऊन "येतो, पोहोचल्यावर फोन करतो" एवढे पुरते. मात्र बसमध्ये चढण्यापूर्वी घरातल्या एकाने मागीलदारी जाऊन चुलीपाशी असलेल्या बायकांना, पाणी भरणाऱ्या मुलांना आणि आचाऱ्याला तोंडाने सांगून यावे. ही माणसे पाठवणीला पुढे येत नाहीत आणि एकदा बस हलली की त्यांची गाठ पडत नाही. आमच्याकडून हे काम माझ्या बहिणीने केले आणि पुढे पत्राला लागणारी निम्मी नावे तिच्याकडूनच मिळाली.

घरी पोहोचल्यावर, रात्र कितीही झाली असली तरी, फोन करावा. आधी सूनबाईंना बोलू द्यावे, मग आपल्या घरातल्या वडीलधाऱ्याने फोन घ्यावा. या फोनवर सुखरूप पोहोचल्याचे सांगावे, कोणाला गाडी लागली का, गृहप्रवेश किती वाजता झाला, एवढेच बोलावे. आभार येथे उरकून टाकले की पत्र लिहिण्याची निकड संपते आणि पत्र मागे पडते, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

माहिती गोळा करणे

हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात वगळला जाणारा टप्पा आहे. लग्नघरात पुरुष मांडवात बसतात, त्यामुळे त्यांना फक्त मांडव दिसतो. पत्र लिहिणारा बहुधा पुरुषच असतो आणि मग पत्रात व्यासपीठ, सनई आणि पंगत यांपलीकडे काही येत नाही. म्हणून लग्नानंतर दोन दिवसांच्या आत, आठवण ताजी असताना, घरातल्या बायकांना, मुलांना आणि शक्य असल्यास बसच्या ड्रायव्हरला विचारावे. प्रश्न तीनच असावेत. तुम्ही कोठे झोपलात? अंघोळीचे पाणी कोणी दिले? एखादी वस्तू मागितली तेव्हा ती कोणी आणून दिली? "व्यवस्था कशी होती" असे विचारू नये. तसे विचारले की लोक पुन्हा गुण द्यायला लागतात, आणि कोणी तरी पापड नरम होता हेही सांगून जातो.

आमच्या घरात या तीन प्रश्नांतून जे बाहेर आले ते मला अजिबात ठाऊक नव्हते. माझ्या 82 वर्षांच्या आईला खाली गादीवर बसता-उठता येत नाही, म्हणून तिला माजघरात खाट दिली होती, एवढे मी पाहिले होते. ती खाट विहीणबाईंच्या सासूबाईंची होती आणि त्या स्वतः त्या रात्री खाली चटईवर झोपल्या होत्या, हे आईनेच सांगितले. ड्रायव्हरने सांगितले की त्याला आणि क्लीनरला शेजारच्या घरी ओटीवर झोपायला दिले, आणि दिवसभर गाडी चालवलेली आहे म्हणून त्या घरच्या काकींनी सकाळी कोंबड्यांनाही तिकडे फिरकू दिले नाही.

पाण्याची गोष्ट माझ्या पुतण्याने सांगितली. मे महिन्याच्या अखेरीस कोकणातल्या विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि व्याह्यांच्या घरची विहीरही तशीच होती. 54 माणसांना अंघोळीसाठी माणशी 2 बादल्या धरल्या तरी 108 बादल्या होतात. संडासाचे, भांड्यांचे आणि स्वयंपाकाचे पाणी वेगळेच. ते पाणी खालच्या घरच्या विहिरीवरून पंप लावून, जोड दिलेल्या पाइपने वर आणले होते. पाइप दोनदा सुटला आणि पहाटे 4 वाजल्यापासून दोन मुले तो जोड हाताने धरून बसली होती. आम्ही 7 वाजता उठून गरम पाण्याने अंघोळी केल्या आणि दोघा-तिघांनी तिसरी बादलीही मागितली.

आता डब्यांविषयी. आमच्याबरोबर व्याह्यांनी लाडू, करंज्या आणि चिवड्याचे सात डबे दिले होते. डबे रिकामे करून घासताना माझ्या पत्नीच्या लक्षात आले की त्यांच्या बुडाशी कोरलेली आद्याक्षरे एकाच घरची नाहीत. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यावर नाव घालून घेण्याची जी पद्धत आहे तिचा असाही उपयोग होतो. सात डब्यांवर पाच वेगवेगळी नावे होती, म्हणजे ते लाडू एका घरात झालेले नव्हते, पाच घरांत वळले गेले होते. एका डब्यावर नावच नव्हते. आपल्या घरी असे डबे आले असतील तर ते घासून फळीवर ठेवण्याआधी नावांची नोंद करून घ्यावी. वाडीतल्या कोणी काय केले याचा याहून पक्का कागद मिळत नाही.

नावे अचूक हवीत आणि ती सूनबाईंनाच ठाऊक असतात. त्यांना विचारावे, पण फक्त नावे आणि नाती विचारावीत. "पत्रात काय लिहू?" असे नव्या सुनेला विचारणे बरे नाही, सासरच्यांनी माहेरची स्तुती किती करावी हे ठरवण्याचे ओझे तिच्यावर टाकू नये. खाली "खालच्या घरचे काका" असे जेथे जेथे लिहिले आहे, तेथे मूळ पत्रात पूर्ण नावे होती.

केव्हा आणि कोणाच्या हाती

पाचपरतवणाला, म्हणजे नवे जोडपे पहिल्यांदा वधूच्या माहेरी जाते तेव्हा, पत्र मुलाच्या हाती द्यावे. ते त्याने आल्याबरोबर, चहा होण्याआधी, सासऱ्यांच्या हातात ठेवावे. सूनबाईंच्या पर्समधून ते पाठवू नये, कारण मग ते सासरचे पत्र राहत नाही, मुलीने आणलेला निरोप होतो. जोडपे परस्पर मुंबईला जाणार असेल किंवा पाचपरतवण लांबणार असेल, तर मात्र वाट न पाहता पंधरा दिवसांच्या आत स्पीड पोस्टाने पाठवावे. महिन्यानंतर गेलेले पत्र आठवण झाली म्हणून लिहिल्यासारखे वाटते. पत्राचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर आधीच पाठवण्याचा मोह पुष्कळांना होतो, तो टाळावा. फोटो आला की कागद येतो तेव्हा त्याला कोणी उघडत नाही.

दुसरी एक अडचण कोकणातच येते. लग्नात राबलेली निम्मी माणसे चाकरमानी असतात, ती चार दिवसांनी मुंबई-पुण्याला परतलेली असतात आणि पत्र वाचले जाते तेव्हा ती पडवीत नसतात. पाइप धरून बसलेल्या दोन मुलांपैकी एक असाच विरारला परत गेला होता. त्याला माझ्या मुलाने स्वतः फोन केला. अशा एक-दोघांपुरता हा वेगळा फोन पुरेसा आहे. सर्वांना वेगळी पत्रे लिहीत बसण्याचे कारण नाही.

कागद, मायना आणि वाचणारा आवाज

पत्र लिहिताना एक गोष्ट डोळ्यांपुढे ठेवावी, ती म्हणजे हे पत्र मोठ्याने वाचले जाणार आहे. व्याही ते स्वतःपुरते वाचून ठेवणार नाहीत; संध्याकाळी पडवीत चार शेजारी बसलेले असताना एखाद्या शिकत्या मुलीला वाचायला सांगतील. म्हणून वाक्य एका दमात वाचता येईल इतकेच असावे, अक्षर सुटे असावे आणि चारचौघांत ऐकताना कोणाला खाली मान घालावी लागेल असे त्यात काहीही नसावे. जूनमध्ये हवा इतकी दमट असते की शाईच्या पेनाने लिहिलेली अक्षरे पसरतात, तेव्हा बॉलपेन वापरावे, कागदाच्या एकाच बाजूला लिहावे आणि पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्यावे. पाकिटाच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावावे, कारण मंगलकार्याचे पत्र आहे हे ते न उघडता कळले पाहिजे.

वर मध्यभागी "॥ श्री ॥" किंवा आपल्या कुलदैवताचे नाव, उजवीकडे गाव आणि तारीख, मग मायना. व्याही साधारण आपल्याच वयाचे असतील तर "सप्रेम नमस्कार" आणि आपल्यापेक्षा बरेच मोठे असतील तर "साष्टांग नमस्कार" लिहावा. "स. न. वि. वि." हा संक्षेप चुकीचा नाही, पण वाचणारी मुलगी अडखळते, म्हणून "सप्रेम नमस्कार, विनंती विशेष" असे पूर्ण लिहावे. पत्र व्याही आणि विहीणबाई या दोघांच्याही नावे असावे. घरात व्याह्यांची आई असेल तर तिचा उल्लेख पहिल्याच वाक्यात नमस्कारासह करावा, आणि तिच्या नावामागे "गं. भा." न लिहिता "श्रीमती" लिहावे.

सुनेच्या नावामागची उपाधी येथे हमखास चुकते. लग्नपत्रिकेतली "चि. सौ. कां." उचलून पत्रात तशीच घातली जाते. "सौभाग्यकांक्षिणी" हे लग्नाआधीचे आहे, आता "चि. सौ." लिहायला हवे. चूक लहान आहे, पण पडवीत बसलेल्या एखाद्या जुन्या मास्तरांच्या ती नक्की लक्षात येते.

मजकूर: काय घालावे, काय खोडावे

माझ्या पहिल्या खर्ड्यातले एक वाक्य असे होते: "आपण सर्वांनी केलेले आदरातिथ्य व उत्कृष्ट भोजन आमच्या कायम स्मरणात राहील." हे वाक्य कोणत्याही लग्नाला चालते, म्हणून ते कोणत्याच लग्नाचे नाही. दुसऱ्या खर्ड्यात त्याच्या जागी त्या रात्रीची गोष्ट आली. आम्ही चार तास उशिरा पोहोचलो होतो. संध्याकाळसाठी रांधलेला स्वयंपाक कधीच निवला होता आणि तो तसाच वाढला असता तरी कोणी काही म्हटले नसते. पण विहीणबाईंनी पाहिले की पोरे गाडीने मलूल झाली आहेत, तेव्हा त्यांनी ताजा भात टाकला आणि कुळथाची पिठी केली. 54 माणसांनी रात्री 11 नंतर गरम भातावर पिठी आणि तूप घेऊन, पापड मोडून जेवण केले. दुसऱ्या दिवशीचे वडे आणि काळ्या वाटाण्याचे सांबारे सुरेखच होते, पण आमच्या वऱ्हाडात आजही कोणी वड्यांची आठवण काढत नाही, पिठीची काढतात. पत्रात पिठी गेली आणि वडे वगळले. काय वगळायचे हे ठरवणे मला लिहिण्यापेक्षा जड गेले. सगळ्याची नावे घेतली की यादी होते आणि यादी म्हणजे पुन्हा तपासणी.

दुसरी गोष्ट आपल्या चुकीची. "आमच्याकडून काही चुकले असल्यास क्षमस्व" असे लिहू नये, कारण चुकले होते हे दोन्ही बाजूंना माहीत असते आणि "असल्यास" हा शब्द ते नाकारतो. जे चुकले ते नाव घेऊन लिहावे. आम्ही 45 सांगून 54 गेलो, हे मी पत्रात आकड्यांसह लिहिले. माझ्या धाकट्या भावाला ते पटले नाही. "आपण वरपक्ष आहोत, कमीपणा कशाला घ्यायचा," असे त्याचे म्हणणे होते. पण ते वाक्य वाचले गेल्यावर पाण्याच्या पाइपाचे आभार खरे वाटतात, नाहीतर तीच गोष्ट आपण नंतर ऐकून लिहिली असे वाटते.

मानपानाचा उल्लेख करू नये, चांगला तर नाहीच नाही. आहेर, दागिने आणि भेटवस्तू यांचेही आभार या पत्रात मानू नयेत. वधूवरांना मिळालेल्या भेटींची सही केलेली यादी ठेवावी असे हुंडा प्रतिबंधक कायद्याखालचे 1985 चे नियम सांगतात, तेव्हा तो कागद वेगळा करून ठेवावाच. पण पाहुणचाराच्या पत्रात सोन्याचे नाव आले की ऐकणाऱ्याला पिठीचा विसर पडतो. आधीच्या लग्नाशी तुलना नको. आणि "आपली मुलगी आता आमची झाली" हे वाक्य, ते कितीही प्रेमाने सुचले तरी, लिहू नये. मुलीच्या आईला त्यात आपली वजा झालेली मुलगी ऐकू येते. त्याऐवजी मुलीची एखादी ताजी आणि खरी बातमी द्यावी.

लांबी पाहता कागदाची एक बाजू पुरेशी आहे. शेवटी माझ्या पत्नीने विहीणबाईंना स्वतःच्या अक्षरात चार ओळी लिहिल्या, त्या मी पाहिल्या पण दुरुस्त केल्या नाहीत. शेवटी गेलेले पत्र असे होते:

> ॥ श्री ॥
>
> चिपळूण, 3 जून
>
> श्री. व सौ. (व्याह्यांचे पूर्ण नाव) यांस सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. श्रीमती आजींना आम्हा सर्वांचा साष्टांग नमस्कार.
>
> आम्ही 45 माणसे येतो म्हणून कळवले आणि 54 आलो. 7 वाजता येतो म्हणालो आणि 11 वाजता आलो. या दोन्ही गोष्टींचा त्रास तुम्हाला झाला आणि तुम्ही तो आम्हाला कळू दिला नाहीत. त्या रात्री विहीणबाईंनी नव्याने भात टाकून केलेल्या कुळथाच्या पिठीची आठवण आमच्या घरी रोज निघते. बसमध्ये रडून दमलेली लहान मुलेही त्या पानावर पोटभर जेवली.
>
> अंघोळीचे पाणी कोठून आले ते आम्हाला येथे आल्यावर कळले. खालच्या घरच्या काकांनी विहीर दिली, तुमचे दोन पुतणे पहाटे 4 पासून पाइप धरून बसले, आणि आम्ही मात्र पाणी सढळ हाताने वापरले. त्यांना आमचे आभार आणि दिलगिरी दोन्ही सांगावी. आजींनी आमच्या आईला स्वतःची खाट दिली आणि स्वतः खाली झोपल्या. आई म्हणते, पावसाळा संपला की मला त्यांना भेटायला घेऊन चला.
>
> लाडवांचे डबे पाच घरचे आहेत, हे त्यांवरच्या नावांवरून कळले. डबे चिरंजीवांबरोबर पाठवत आहोत. ज्यांचे त्यांना पोहोचावेत आणि आमचा नमस्कार सांगावा. एका डब्यावर नाव नाही, तो कोणाचा ते कळवावे.
>
> चि. सौ. (सूनबाईंचे नाव) पहिल्या दोन रात्री उशिरापर्यंत जागी होती. कालपासून झोप लागते आहे. काल तिने सर्वांसाठी चहा केला, तो आमच्या चहापेक्षा बराच गोड होता आणि सर्वांनी प्यायला.
>
> लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.
>
> आपले, (दोघांच्या सह्या)

या पत्रात "आभार" हा शब्द एकदाच आला आहे, आणि तोही व्याह्यांसाठी नाही, खालच्या घरासाठी आहे. ते ठरवून केलेले नव्हते. पण पुन्हा वाचताना मला ते योग्य वाटले, कारण व्याह्यांच्या बाबतीत काय झाले ते नुसते सांगितले तरी भागते, परक्या माणसाला मात्र तो शब्द मिळायला हवा. चहाचे वाक्य घालावे की नाही याबद्दल घरात वाद झाला. सूनबाईंना विचारले तेव्हा त्या हसल्या आणि राहू द्या म्हणाल्या. त्या हसल्या नसत्या तर ते काढले असते.

डबे परत करणे

डबा रिकामा परत करत नाहीत, हे सांगायची गरज नाही. प्रश्न त्यात काय घालायचे हा असतो. देवगडला आंबा किंवा आंबापोळी पाठवणे म्हणजे समुद्रात मीठ टाकणे, आणि जूनमध्ये लवकर नरम पडणारे फराळाचे जिन्नसही नकोत, कारण डबा हस्ते परहस्ते त्या घरी जाईपर्यंत चार दिवस जातात. आम्ही प्रत्येक डब्यात घरचा गोडा मसाला घातला, प्रत्येक घरी सारखाच, साधारण पाव किलो. सारखेपणा महत्त्वाचा आहे, कारण वाडीत संध्याकाळपर्यंत कोणाला किती आले हे सर्वांना माहीत होते. व्याह्यांसाठी म्हणून काही जास्तीचे पाठवायचे असेल तर ते या डब्यांबरोबर पाठवू नये. डब्यांच्या झाकणावर चिकटपट्टीने नाव लावावे, कारण बुडाचे नाव पाहायला डबा उलटा करावा लागतो आणि मसाला सांडतो.

पंप, पाइप आणि पाणी भरण्याचे काम मजुरीने केलेले असेल तर पैशाचा हिशेब व्याह्यांनी केलेला असतो, त्यात वरपक्षाने परस्पर कोणाला पाकीट देऊ नये. त्यातून यजमानाने कमी दिले असा अर्थ निघतो. आचाऱ्याला निघताना हातावर ठेवलेली रक्कम ही वेगळी गोष्ट आहे, ती रीतीची आहे.

उत्तर आले तर

उत्तर बहुधा फोनवर येते आणि ते नाकारणारेच असते. आमच्या व्याह्यांनी फोन उचलल्या उचलल्या म्हटले, "तुमी आभार कित्याक मानतास? आमी काय परके?" अशा वेळी वाद घालू नये, पुन्हा आभारही मानू नयेत. "बरे, नाही मानत" म्हणून त्यांच्या आईची आणि पावसाची चौकशी करावी. आमच्या त्या फोनवर पुढची दहा मिनिटे विहिरीला पाणी किती चढले यावरच बोलणे झाले. शेवटी मी नाव नसलेल्या डब्याचे विचारले. त्यांनी विहीणबाईंना हाक मारली, आतून काहीतरी उत्तर आले आणि ते हसायला लागले. तो डबा आमचाच होता. जाताना बसमध्ये मुलांसाठी चिवडा नेला होता तो.

आता तो त्यांच्याकडे मसाल्यासकट आहे आणि त्यांनी तो रिकामा परत पाठवणार नाही असे सांगितले आहे.